वीजबिलातला ‘तो’ अर्धा तास शोधा. लोड वाढवण्याचा अर्ज नंतर करा

छोट्या कारखान्याचं वीजबिल हातात आलं की बहुतेक मालक आधी युनिट बघतात, मग एकूण रक्कम. मधे एक ओळ असते ‘मॅक्सिमम डिमांड’ची, केव्हीएमध्ये. ती मंजूर मागणीपेक्षा, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांडपेक्षा, जास्त गेली की बिलात जादा आकार दिसतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं लोड वाढवून घ्या, कुणी कपॅसिटर बसवायला सांगतं, कुणी मोठ्या मोटरला सॉफ्ट स्टार्टर लावा म्हणतं.

या सल्ल्यांपैकी एखादा बरोबरही असेल. पण तो आकडा महिन्यातल्या कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या यंत्रामुळे लागला, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही नसतं. खरं तर हे शोधता येतं. अनेक कारखान्यांच्या पॅनेलवर डिजिटल एनर्जी मीटर आधीच बसलेला असतो आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन वायरींचं एक पोर्ट मोकळं पडलेलं असतं. माझं मत सरळ आहे. ते पोर्ट महिनाभर वाचल्याशिवाय डिमांडसाठी एकही रुपया खर्च करू नये.

डिमांड म्हणजे नेमकं काय?

गैरसमज इथूनच सुरू होतो, म्हणून आधी हे स्पष्ट करू. मॅक्सिमम डिमांड म्हणजे एखाद्या क्षणी लागलेली सर्वाधिक वीज नव्हे. बिलाचा मीटर महिन्याचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो. तुकडा ३० मिनिटांचा असू शकतो किंवा १५ मिनिटांचा, मीटर कसा सेट केला आहे त्यावर ते ठरतं. प्रत्येक तुकड्याची सरासरी काढली जाते आणि महिन्यातली सगळ्यात मोठी सरासरी म्हणजे त्या महिन्याची मॅक्सिमम डिमांड.

अर्ध्या तासाचा तुकडा धरला तर ३० दिवसांच्या महिन्यात असे १,४४० तुकडे होतात. त्यातला एकच तुकडा बिलात उतरतो. बाकी १,४३९ अर्धे तास कितीही शिस्तीत गेले तरी या ओळीत त्याचा उपयोग होत नाही.

आता नेहमी ऐकू येणारं वाक्य तपासू: ‘मोटर सुरू होताना सहापट करंट घेते, म्हणून डिमांड वाढते.’ समजा २२ किलोवॅटची मोटर आहे. पूर्ण भारावर ती साधारण २६ केव्हीए घेते. सुरू होताना सहापट म्हणजे १५६ केव्हीए, आणि हे ८ सेकंद टिकलं. नेहमीपेक्षा १३० केव्हीए जास्त, पण फक्त ८ सेकंद. अर्ध्या तासात १,८०० सेकंद असतात. १३० ला ८ ने गुणून १,८०० ने भागलं तर उत्तर ०.५८ येतं. म्हणजे बिलातल्या डिमांडमध्ये एक केव्हीएचीही भर पडली नाही. सॉफ्ट स्टार्टरचे बेल्ट, कपलिंग आणि व्होल्टेजसाठी इतर फायदे आहेत. डिमांड कमी करायची म्हणून तो विकत घेतला तर मात्र पैसे चुकीच्या जागी गेले.

डिमांड वाढते ती जास्त वीज घेणारी दोन-तीन यंत्रं एकाच अर्ध्या तासात सलग चालतात तेव्हा. म्हणून शोधायच्या गोष्टी दोनच आहेत: कधी आणि कोण.

‘कधी’ आणि ‘कोण’ वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात

वीज कंपनीचा मीटर सीलबंद असतो, त्याला हात लावायचा नाही. पण उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमध्ये प्रत्येक तुकड्याची नोंद साठवलेली असते. तिला लोड सर्व्हे म्हणतात. ही माहिती मागता येते आणि ती मागावी. तिच्यातून ‘कधी’ कळतं.

‘कोण’ मात्र त्या मीटरला कधीच कळणार नाही, कारण त्याला फक्त कारखान्याची बेरीज दिसते. त्यासाठी आपल्या पॅनेलमध्ये मोठ्या यंत्रांच्या फीडरवर आपले स्वतःचे मीटर लागतात. प्रत्येक यंत्राला मीटर बसवायची गरज नाही. एक मेन इनकमरवर आणि सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या दोन-तीन फीडरवर एकेक, एवढं पुरतं. उरलेल्यांचा वापर वजाबाकीतून मिळतो.

इथे एक सापळा आहे. या मीटरमध्येही ‘मॅक्स डिमांड’ नावाचा आकडा असतो. तो प्रत्येक मीटरवरून वहीत उतरवून बेरीज केली तर ती मेनच्या आकड्याशी जुळत नाही. कारण सोपं आहे. ओव्हनची सर्वाधिक डिमांड सोमवारी सकाळी लागली असेल आणि कॉम्प्रेसरची गुरुवारी दुपारी. वेळ माहीत नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो. म्हणून वहीवर काम भागत नाही, दर काही सेकंदांनी वेळेसह नोंद लागते. हे काम मॉडबसचं.

मॉडबस: एक विचारतो, बाकीचे उत्तर देतात

मॉडबस १९७९ मध्ये मोडिकॉन या कंपनीने आपल्या कंट्रोलरसाठी तयार केला. इतकी वर्षं तो टिकला, कारण तो कमालीचा साधा आहे. एक मास्टर असतो, म्हणजे आपला संगणक, रास्पबेरी पाय किंवा पीएलसी. बाकी सगळे मीटर स्लेव्ह. प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ मधला एक क्रमांक असतो. मास्टर एकेकाला नाव घेऊन विचारतो आणि ज्याला विचारलं तोच बोलतो. मीटर आपणहून काही सांगत नाही.

एनर्जी मीटरमध्ये हे संभाषण बहुधा आरएस-४८५ या दोन वायरींच्या जोडणीवर होतं. एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी करत वायर न्यायची. मधून फांद्या काढायच्या नाहीत. कमी वेगाला ही वायर हजार-बाराशे मीटरपर्यंत जाते, म्हणजे एका शेडसाठी भरपूर झाली. संगणकाच्या बाजूला यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लागतो.

मीटरच्या आत सगळे आकडे रजिस्टर नावाच्या खणांत ठेवलेले असतात. एका खणात १६ बिट मावतात. किलोवॅटसारखा दशांशातला आकडा ३२ बिटांचा असतो, म्हणून तो शेजारच्या दोन खणांत विभागलेला असतो. कोणत्या खणात काय आहे याची यादी मीटरच्या माहितीपत्रकात असते. तिला रजिस्टर मॅप म्हणतात. प्रत्येक कंपनीचा मॅप वेगळा असतो.

उदाहरणासाठी ईस्ट्रॉन कंपनीचा `SDM630` हा तीन फेजचा मीटर घेऊ. त्याची एकूण पॉवर माहितीपत्रकात `30053` या क्रमांकाला दिली आहे. सुरुवातीचा ३ म्हणजे ‘इनपुट रजिस्टर’, जे ४ क्रमांकाच्या फंक्शनने वाचायचं. राहिलेल्या ५३ मधून एक वजा करायचा, कारण तारेवरची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून पत्ता ५२, हेक्समध्ये `34`. मास्टर पाठवतो तो पूर्ण प्रश्न असा:

```
01 04 00 34 00 02 30 05
```

याचा अर्थ: १ नंबरच्या मीटरा, ४ नंबरच्या फंक्शनने, ५२ या पत्त्यापासून, दोन खण वाचून दे. शेवटचे दोन बाइट म्हणजे चूक पकडण्यासाठीची बेरीज. वाटेत एखादा बिट बिघडला तर ही बेरीज जुळत नाही आणि ते वाक्य टाकून दिलं जातं.

प्रत्यक्षात हे बाइट हाताने लिहावे लागत नाहीत. पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```
import minimalmodbus, time
m = minimalmodbus.Instrument('/dev/ttyUSB0', 1)
m.serial.baudrate = 9600
m.serial.timeout = 0.5
while True:
    kw   = m.read_float(52, functioncode=4) / 1000
    kwh  = m.read_float(72, functioncode=4)
    kvah = m.read_float(80, functioncode=4)
    print(time.strftime('%F %T'), kw, kwh, kvah, sep=',')
    time.sleep(10)
```

वेळ, किलोवॅट, आतापर्यंतचे युनिट आणि आतापर्यंतचे केव्हीएएच अशी दर दहा सेकंदांना एक ओळ मिळते. कायमस्वरूपी चालवायचं असेल तर एखादं उत्तर आलं नाही म्हणून प्रोग्रॅम थांबणार नाही, याची सोय करावी लागते. दुसऱ्या कंपनीचा मीटर असेल तर पत्ते आणि फंक्शन त्याच्या मॅपप्रमाणे बदलायचे. मीटरमध्ये सेट केलेला वेग आणि पॅरिटीही प्रोग्रॅमशी जुळली पाहिजे.

आकडा आला, पण तो खरा आहे का?

मीटरने उत्तर दिलं की काम झालं असं वाटतं. निम्म्या चुका इथून पुढे होतात, कारण चुकीचा आकडाही तितक्याच विश्वासाने पडद्यावर येतो.

पहिली चूक खणांच्या क्रमाची. समजा पॉवर १८,४०० वॅट आहे. दोन खणांत ती `468F` आणि `C000` अशी बसते. काही मीटर मागचा खण आधी पाठवतात. ते लक्षात न घेता वाचलं तर `C000 468F` चा अर्थ लागतो उणे २.००४३. म्हणजे चालू यंत्र उणे दोन वॅट घेतंय! असा अर्थहीन, आणि यंत्राचा भार जरासा बदलला तरी वेड्यावाकड्या उड्या मारणारा आकडा दिसला की खण उलटे आहेत असं समजा. `minimalmodbus` मध्ये `byteorder` बदलून ते सुलटे करता येतात. पत्ता एकने चुकला तरी असाच गोंधळ होतो, कारण अर्धा आकडा एका मापाचा आणि अर्धा शेजारच्या मापाचा येतो.

दुसरी चूक सीटीची. मोठ्या फीडरवर करंट थेट मीटरमध्ये जात नाही, करंट ट्रान्सफॉर्मरमधून कमी होऊन जातो. पॅनेलमध्ये सीटी २००/५ चा आणि मीटरमध्ये सेटिंग १००/५ चं असेल तर प्रत्येक आकडा बरोबर निम्मा येतो. आलेख दिसायला अगदी छान दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपते. ती पकडायला क्लॅम्प मीटर पुरतो. फीडरच्या वायरवर लावायचा आणि करंट ताडून पाहायचा.

तिसरी चूक उलट्या सीटीची. तीनपैकी एक सीटी उलटा बसला की त्या फेजची पॉवर उणे येते. तिन्ही फेजवर सारखा भार असलेल्या मोटरवर दोन अधिक आणि एक उणे, म्हणजे एकूण एकतृतीयांश. २२ किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर असताना मीटर सात-साडेसात दाखवत असेल तर तो कार्यक्षम आहे म्हणून खूश होऊ नका. प्रत्येक फेजची पॉवर वेगळी वाचा, उणे चिन्ह लगेच सापडेल.

हे दुरुस्त करताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. प्राथमिक बाजूने करंट चालू असताना सीटीच्या मीटरकडच्या वायरी मोकळ्या सोडायच्या नाहीत. तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं. पुरवठा बंद करून, सीटी शॉर्ट करून, परवानाधारक वायरमननेच हे काम करायचं.

चौथी अडचण संपर्काची. मीटर उत्तरच देत नसेल तर ए आणि बी वायरी अदलाबदल झालेल्या असू शकतात. दोन मीटरना एकच क्रमांक दिला असेल तर दोघे एकदम बोलतात आणि बेरीज जुळत नाही. एखादं यंत्र सुरू झालं की नोंदी गळायला लागत असतील तर बहुधा आरएस-४८५ ची वायर त्या यंत्राच्या ड्राइव्हच्या केबलला चिकटून गेलेली असते. ती दूर न्यायची, आणि पिळलेल्या जोडीची शील्ड असलेली केबल वापरायची.

शेवटची तपासणी सगळ्यात सोपी आहे. महिनाअखेरीला आपल्या मेन मीटरचे युनिट बिलाच्या युनिटशी ताडून पाहा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. निम्मा किंवा एकतृतीयांश आकडा आला तर वर काय शोधायचं ते लिहिलंच आहे.

सरासरी नको, वजाबाकी करा

आता हिशेबाकडे येऊ. अर्ध्या तासाची डिमांड काढायची म्हणून बरेच जण किलोवॅटच्या सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे युनिटच्या खणाची वजाबाकी. ९ वाजताच्या युनिटमधून साडेआठचे युनिट वजा करायचे आणि दोनने गुणायचं, झाली किलोवॅटमधली डिमांड. केव्हीएएचची अशीच वजाबाकी केली की केव्हीएमधली मिळते. तुकडा १५ मिनिटांचा असेल तर चारने गुणायचं.

फायदा असा की मधल्या पाच मिनिटांच्या नोंदी गळाल्या तरी उत्तर चुकत नाही. मीटर आत मोजतच असतो, आपल्याला फक्त दोन टोकं लागतात. काळजी एकच घ्यायची. आपलं घड्याळ बिलाच्या मीटरच्या घड्याळाशी जुळलेलं असावं, नाहीतर आपला साडेआठचा तुकडा त्यांच्या पावणेनऊला सुरू होतो आणि आकडे जुळत नाहीत.

एक पूर्ण उदाहरण

समजा सुटे भाग तयार करून त्यांना पावडर कोटिंग करणारं एक वर्कशॉप आहे. ३६ किलोवॅटचा विजेवरचा ओव्हन, २२ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, सहा सीएनसी यंत्रं, बाकी पंखे, दिवे, पंप. कॉन्ट्रॅक्ट डिमांड १०० केव्हीए. बिलात डिमांड आली १११. मालकाला सल्ला मिळाला की १२५ केव्हीए करून घ्या.

मेन, ओव्हन, कॉम्प्रेसर आणि सीएनसीचा गट अशा चार मीटरची महिनाभर नोंद घेतली. सर्वात मोठा अर्धा तास निघाला सोमवारी सकाळी साडेआठ ते नऊचा. त्या अर्ध्या तासातले युनिट असे:

- ओव्हन: १८
- कॉम्प्रेसर: ११
- सीएनसी गट: १५
- उरलेलं सगळं: ७
- मेन: ५१

५१ ला दोनने गुणून १०२ किलोवॅट. त्याच वेळात केव्हीएएच ५५.४ वाढले, म्हणजे ११०.८ केव्हीए. बिलातला आकडा सापडला.

त्याच दिवशी ११ ते साडेअकराला चित्र वेगळं होतं. सीएनसी १७ युनिटवर गेलेली, म्हणजे कामाचा जोर जास्त, तरी मेनवर फक्त ४० युनिट. कारण ओव्हन १८ वरून साडेसातवर आणि कॉम्प्रेसर साडेआठवर आला होता. डिमांड ८० किलोवॅट, ९०.४ केव्हीए.

गुन्हेगार सापडला, आणि तो उत्पादन नव्हता. रविवारच्या सुट्टीत ओव्हन पूर्ण थंड झाला होता, म्हणून सोमवारी तो अर्धा तास न थांबता पूर्ण ताकदीने तापत राहिला. त्याच वेळी कॉम्प्रेसर रिकाम्या टाकीत आणि पाइपात हवा भरत होता, आणि शिफ्ट साडेआठला सुरू होत असल्याने सगळी यंत्रंही तेव्हाच चालू झाली. इतर दिवशी ओव्हन कोमट असतो, लवकर तापतो आणि डिमांड शंभरच्या आत राहते.

उपाय बिनखर्चाचा आहे. सोमवारी ओव्हन पावणेआठला सुरू करायचा. तेव्हा बाकी भार फक्त ४ किलोवॅटचा आहे, म्हणजे एकूण ४०. साडेआठपर्यंत तो तापलेला असेल आणि पुढच्या अर्ध्या तासात साडेसात युनिटच घेईल. मेनवर ५१ ऐवजी साडेचाळीस युनिट, म्हणजे ८१ किलोवॅट.

केव्हीए किती होतील? इथे घाईने हिशेब करू नका. किलोवॅट २१ ने उतरले म्हणून केव्हीए तेवढेच उतरत नाहीत. ओव्हनचे हीटर शुद्ध किलोवॅट घेतात, मोटरींचा रिअॅक्टिव्ह भार मात्र तसाच राहतो. आधीच्या १०२ किलोवॅट आणि ११०.८ केव्हीएवरून तो निघतो साधारण ४३ केव्हीएआर. आता ८१ चा वर्ग आणि ४३ चा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की येतात जवळपास ९२ केव्हीए. म्हणजे घट १९ ची. याच कारणाने वेगवेगळ्या यंत्रांचे केव्हीए थेट एकमेकांत मिळवायचे नसतात. किलोवॅट वेगळे, केव्हीएआर वेगळे मिळवायचे आणि मग वर्गमूळ.

हिशेबापुरता दर महिना ५०० रुपये प्रति केव्हीए धरला तर १९ केव्हीएचे ९,५०० रुपये. शिवाय १०० च्या वर गेलेल्या ११ केव्हीएवरचा जादा आकार वाचला तो वेगळा. तुमचा खरा दर, आणि बिलासाठी दिवसातल्या कोणत्या वेळेची डिमांड धरतात, हे बिल आणि दरपत्रकात बघा. वेळेनुसार युनिटचा दर बदलत असेल तर ओव्हन लवकर लावल्याने तो महागड्या तासात जात नाही ना, हेही तपासा.

१२५ केव्हीएचा अर्ज केला असता तर जादा आकार थांबला असता, पण १११ चे पैसे दर महिन्याला चालूच राहिले असते. शिवाय बिलातली किमान डिमांड कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या टक्केवारीवर ठरत असेल तर मंदीच्या महिन्यातही जास्त भरावं लागलं असतं.

मीटर जे सांगत नाही

या डेटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. याच नोंदीत दिसलं की जेवणाच्या सुट्टीत, कुणी हवा वापरत नसताना, कॉम्प्रेसर अर्ध्या तासाला साडेतीन युनिट घेतोय. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड झाला तरी मोटर फिरत राहते, त्याची ही किंमत. महिन्याच्या २६ दिवसांत ते ९१ युनिट होतात. पण याने डिमांड एक केव्हीएनेही उतरणार नाही, कारण तो अर्धा तास शिखराचा नाहीच. युनिटची बचत आणि डिमांडची बचत हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि विकणारे ते सर्रास एकत्र करतात.

तसंच, मीटर ‘किती’ आणि ‘कधी’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. सोमवारी ओव्हन थंड असतो हे आलेखाला माहीत नव्हतं, ते सकाळी ओव्हन लावणाऱ्या कामगाराला माहीत होतं. म्हणून हा आलेख मालकाच्या मोबाइलवर राहू नये. तो फोरमनसमोर, शॉपफ्लोअरवर असावा. आणि तो कुणाला जाब विचारण्यासाठी वापरला तर पुढच्या सोमवारचं खरं कारण कुणी सांगणार नाही.

एक अपेक्षा मीटर विकणाऱ्यांकडूनही आहे. रजिस्टर मॅप हा मीटरचा भाग आहे, तो मागितल्यावर मिळणारं गुपित नव्हे. खणांचा क्रम, पत्ता शून्यापासून की एकपासून, आणि डिमांडचा तुकडा किती मिनिटांचा, या तीन गोष्टी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असल्या तर बराच वेळ वाचेल. खरेदी करतानाच विचारा. उत्तर देता न येणाऱ्याकडून मीटर घेऊ नका.

सॉफ्ट स्टार्टर, कपॅसिटर, वाढीव लोड यांची गरज काही ठिकाणी खरीच असते. वरच्या वर्कशॉपमध्ये ओव्हन आधी लावूनही डिमांड १०५ राहिली असती, तर रिअॅक्टिव्ह भार कमी करायला कपॅसिटर हा पुढचा योग्य प्रश्न ठरला असता. पण तो प्रश्न विचारायला हातात किलोवॅट, केव्हीएआर आणि वेळ हे तीन आकडे लागतात. तिन्ही आकडे मीटरच्या खणांत आहेत. अर्जावर सही करण्याआधी वायरमनला पॅनेल उघडायला सांगा आणि मीटरच्या मागचं ते पोर्ट आहे का, एवढं आधी बघा.